अरबी लॅब रिपोर्ट मराठीत उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यवतमाळ-वाशीम भागातली माणसं आखातात कामाला जातात, तिथं आजारी पडतात आणि तिथल्या दवाखान्याचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर घरी येतो. मी तिकडच्या लॅबमध्ये काम केलेलं असल्यामुळे असे कागद माझ्याकडे येतात आणि त्यासोबत तेच ते प्रश्न येतात. म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त कागद किडनी आणि शुगरचे असतात, त्यामुळे उदाहरणंही तीच घेतली आहेत. नमुन्याचा रिपोर्ट आलेल्या कागदांवरून जुळवलेला आहे, तो कोणा एकाचा नाही.

१. भाऊ, मोठ्या भावानं सौदीतून रिपोर्टचा फोटो पाठवला. सगळा अरबीत आहे. आधी काय करू?

आधी भाषांतराच्या मागे लागू नका. भावाला सांगा, लॅबच्या खिडकीवर जाऊन इंग्रजी प्रत माग. आखातातल्या बऱ्याच लॅब मुळात इंग्रजीतच किंवा दोन्ही भाषांत रिपोर्ट छापतात, आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर निकाल येत असेल तर भाषा बदलायची सोय बहुतेक तिथंच असते. इंग्रजी प्रत मिळाली तर निम्मं काम संपलं. उरतं ते युनिटचं, त्यासाठी प्रश्न ६ वाचा.

इंग्रजी मिळतच नसेल तर भावाकडून कागद 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, फोटो म्हणून नको. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. तो ठिपका पहिल्यांदा गायब होतो. सगळी पानं मागवा, मागची बाजू आणि खालच्या बारीक ओळीसुद्धा.

२. गावातल्या मौलानांकडून किंवा उर्दू शाळेच्या सरांकडून वाचून घेतला तर चालेल का?

अक्षरं वाचायला त्यांची मोठी मदत होते. रुग्णाचं नाव, लॅबचं नाव, तपासणीचं नाव ते नीट वाचून सांगतात आणि 'कोलेस्टेरॉल', 'क्रिएटिनिन' असे शब्द अरबी अक्षरांत लिहिलेले असले तरी आवाजावरून ओळखू येतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, दवाखान्यातली अरबी ही धार्मिक अरबीपेक्षा वेगळी. हिमोग्लोबिनला काही ठिकाणी 'खिदाब' म्हणतात आणि प्लेटलेटला 'सफाइह', हे ठाऊक नसेल तर अडखळायला होतं. दोन, उर्दूतला चार आणि सहा यांचं वळण अरबीतल्या चार आणि सहापेक्षा वेगळं आहे. म्हणून त्यांच्याकडून शब्द वाचून घ्या, आकडे मात्र प्रश्न ४ मधल्या तक्त्याशी स्वतः ताडून पाहा.

३. तक्त्यात चार-पाच रकाने आहेत. कोणता कशाचा हे कसं ओळखू?

अरबी तक्ता उजवीकडून सुरू होतो. सगळ्यात उजवीकडे तपासणीचं नाव, त्याच्या डावीकडे निकाल, मग युनिट आणि शेवटी अगदी डाव्या कडेला नॉर्मल मर्यादा, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. वरच्या मथळ्यात 'नतीजा' लिहिलं असेल तो निकाल, 'वहदा' म्हणजे युनिट, 'तबीई' किंवा 'मरजइय्या' हे शब्द दिसले की ती संदर्भ मर्यादा.

मराठीत उतरवताना रकाने आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून लावा. पण एकदा ठरवलं की सगळ्या ओळींत तोच क्रम ठेवा. मला आलेल्या एका भाषांतरात अर्ध्या ओळी उलट झाल्या होत्या आणि मर्यादेची वरची हद्द निकाल म्हणून लिहिली गेली होती. घरचे खूश, कारण सगळं नॉर्मल!

४. अरबी आकडे म्हणजे इंग्रजीच ना? मग घोळ कसला?

1, 2, 3 या आकड्यांना आपण पुस्तकात अरबी अंक म्हणतो, पण आखातातल्या अरबी कागदावर बरेचदा हे आकडे असतात:

```
٠  शून्य
١  एक
٢  दोन
٣  तीन
٤  चार
٥  पाच
٦  सहा
٧  सात
٨  आठ
٩  नऊ
```

मराठी डोळ्याला इथं तीन ठिकाणी फसायला होतं. पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो, सहा हा इंग्रजी सातासारखा आणि चार हा थोडासा आपल्या सहासारखा. शून्य तर ठिपका, तो दशांश चिन्ह वाटतो.

आता ٢٦٥ हा आकडा पाहा. हा दोनशे पासष्ट आहे. घाईत वाचणारा दोन, सात, शून्य असं वाचून '२७०' लिहितो. ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण २७० सुद्धा शक्य वाटतो. त्याच ओळीतली मर्यादेची वरची हद्द ١٠٦ म्हणजे एकशे सहा. तो एक, ठिपका, सात असा वाचला की होतो '१.७'. म्हणून आकडा वाचताना प्रत्येक अंक सुटा म्हणा आणि दुसऱ्या माणसाला लिहायला लावा. मग दुसऱ्यानं वाचायचं आणि पहिल्यानं तपासायचं.

खरं दशांश चिन्ह अरबीत ओळीच्या खाली उतरणाऱ्या छोट्या स्वल्पविरामासारखं असतं. शून्याचा ठिपका ओळीच्या मध्यात, साधारण अंकांच्या पोटाच्या उंचीवर असतो. मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरियाच्या कागदांवर आकडे इंग्रजीच असतात पण दशांशाला स्वल्पविराम वापरतात. तिथं '5,6' म्हणजे पाच पूर्णांक सहा दशांश.

भाषांतरात आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. डॉक्टर, नर्स, औषधवाला सगळे तेच वाचतात आणि वर म्हटलेला पाच-शून्याचा घोळ मराठी अंकांत पुन्हा उगवतो. या पानावर मजकुरात मराठी अंक आहेत ते केवळ वाचायला सोपं जावं म्हणून.

५. मर्यादा '१०६ - ६२' अशी उलटी लिहिली आहे. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. अंक डावीकडून उजवीकडेच लिहितात, पण ओळ उजवीकडून वाचायची असते. म्हणजे उजवा आकडा आधी, तो लहान. मराठीत '62 ते 106' असं लिहा, मधली आडवी रेघ टाळली की प्रश्नच राहत नाही.

'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' या खुणांवर मात्र जास्त लक्ष द्या. उजवीकडून लिहिताना ही खूण आरशात पाहिल्यासारखी उलटी छापली जाते, आणि पीडीएफमधून मजकूर उचलून मोबाइलमध्ये चिकटवला की कधी कधी पुन्हा उलटते. खुणेवर विसंबू नका. शेजारी 'अकल्ल मिन' असेल तर पेक्षा कमी, 'अक्सर मिन' असेल तर पेक्षा जास्त. शब्द नसेल तर तपासणी कोणती आहे त्यावरून समजतं. एकूण कोलेस्टेरॉलची चांगली मर्यादा अमुक एकापेक्षा कमी अशी सांगतात, एचडीएल कोलेस्टेरॉलची मात्र अमुक एकापेक्षा जास्त.

६. युनिट आहे तसं ठेवू की आपल्याकडच्या युनिटमध्ये बदलू?

दोन्ही करा, पण वेगवेगळ्या ओळीत. मूळ आकडा, मूळ युनिट आणि मूळ मर्यादा जशीच्या तशी पहिल्या ओळीत. बदललेला आकडा त्याच्याखाली, समोर 'रूपांतर' असं स्पष्ट लिहून. मूळ ओळ कधीही पुसू नका. रूपांतरात चूक झाली तर ती त्याच ओळीवरून पकडता येते.

रूपांतर लागतं कारण आखातातल्या कित्येक लॅब मोल मोजतात आणि आपल्या तालुक्याच्या लॅब मिलिग्रॅम. मोल म्हणजे रेणूंची संख्या, मिलिग्रॅम म्हणजे वजन. साखरेचा रेणू वेगळ्या वजनाचा, क्रिएटिनिनचा वेगळ्या, म्हणून प्रत्येक तपासणीचा गुणाकार वेगळा असतो. साखरेला १८ ने गुणायचं, क्रिएटिनिनला ८८.४ ने भागायचं. एकच आकडा सगळीकडे लावला तर निकाल भलताच येतो.

अरबी अक्षरांत युनिट लिहिलेलं असेल तर 'मिली' आणि 'मायक्रो' यांच्यात हजारपटीचा फरक आहे हे लक्षात ठेवा. दोन्ही शब्द 'म' नं सुरू होतात आणि संक्षेपात कधी कधी नुसता 'म' उरतो. अशा वेळी मर्यादेकडे पाहा. क्रिएटिनिनची मर्यादा ६२ ते १०६ असेल तर ते मायक्रोमोलच. ०.७ ते १.२ असेल तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मर्यादा आणि युनिट एकमेकांची साक्ष देतात. मिलिग्रॅम हा शब्द इजिप्तकडचे 'ज' नं आणि सीरिया-जॉर्डनकडचे 'ग़' नं लिहितात, दोन्ही एकच.

७. बाबांचं क्रिएटिनिन २६५ आलं. आमचे डॉक्टर तर १.२ च्या वर गेलं की घाबरवतात. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रात्री येतो. आधी युनिट पाहा. २६५ हे मायक्रोमोल प्रति लिटर आहे. त्याला ८८.४ ने भागलं की २.९९ पेक्षा थोडं जास्त, म्हणजे ३.० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मर्यादेलाही तसंच भागायचं: ६२ चे ०.७ आणि १०६ चे १.२. डॉक्टरांचा १.२ आणि कागदावरचा १०६ हा एकच आकडा निघाला.

म्हणजे बाबांचं क्रिएटिनिन वरच्या हद्दीच्या अडीचपट आहे. हे २६५ इतकं भयंकर नाही, पण किरकोळही नाही. ३.० म्हटल्यावर यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरांना लवकर दाखवायला हवं, एवढं कोणताही एमबीबीएस डॉक्टर सांगेल. त्यापुढचं, म्हणजे डायलिसिस लागेल का, हे एका आकड्यावरून कोणी सांगू नये आणि भाषांतर करणाऱ्यानं तर नाहीच.

कागदावर ते असं लिहा:

```
क्रिएटिनिन (रक्त)
मूळ:     265 µmol/L     मर्यादा: 62 ते 106
रूपांतर:  3.0 mg/dL      मर्यादा: 0.7 ते 1.2

साखर, उपाशीपोटी
मूळ:     11.4 mmol/L    मर्यादा: 3.9 ते 5.8
रूपांतर:  205 mg/dL      मर्यादा: 70 ते 104
```

साखरेच्या ओळीत ११.४ गुणिले १८ म्हणजे २०५.२ येतं, ते २०५ लिहिलं. रूपांतर करताना दशांशाची शेपटी वाढवू नका. मूळ आकडा जितका बारीक, रूपांतर साधारण तितकंच बारीक. '205.200' लिहिलं की लॅबनं केलीच नाही इतकी अचूक मोजणी केल्यासारखं दिसतं. 'साइम' म्हणजे उपाशीपोटी. 'फातिर' दिसलं तर जेवणानंतरची. हा शब्द सोडला तर २०५ चा अर्थच बदलतो.

८. तिकडची मर्यादा काढून आपल्या लॅबची नॉर्मल मर्यादा टाकली तर घरच्यांना समजायला सोपं नाही का जाणार?

सोपं जाईल, पण चुकीचं होईल. मर्यादा त्या लॅबच्या यंत्राची, रसायनाची आणि मोजायच्या पद्धतीची असते. लिव्हरच्या एंझाइमसारख्या तपासण्यांत तर दोन लॅबच्या मर्यादा उघड वेगळ्या असतात. तिकडचा निकाल आणि इकडची मर्यादा एका ओळीत आली तर जे तिथं नॉर्मल होतं ते इथं वाढलेलं दिसेल किंवा उलट.

एकाच तपासणीसमोर दोन-तीन मर्यादा छापलेल्या असतील तर 'रिजाल' म्हणजे पुरुष आणि 'निसा' म्हणजे स्त्रिया. दोन्ही उतरवा, आपल्याला लागू असलेली निवडून बाकीची गाळू नका. वरच्या कोपऱ्यात 'ज़कर' म्हणजे पुरुष आणि 'उन्सा' म्हणजे स्त्री असं लिंगही असतं. ते रुग्णाशी जुळतंय का पाहा. न जुळलं तर कागदच दुसऱ्याचा असू शकतो.

९. युरियाला कोणी ६ ने गुणतं, कोणी २.८ ने. खरं कोणतं?

दोन्ही खरी, वस्तू वेगवेगळ्या. युरियाचा निकाल मिलिमोलमध्ये असेल आणि तुम्हाला युरियाच हवा असेल तर ६ ने गुणा. मूळ १४.२ असेल तर साधारण ८५ मिलिग्रॅम. त्याच युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन हवं असेल तर २.८ ने गुणायचं, तेव्हा ते ४० च्या आसपास येतं. डॉक्टर त्याला बीयूएन म्हणतात.

आमच्याकडच्या तालुक्याच्या लॅब बहुतेक 'ब्लड युरिया' देतात, म्हणून मी ६ वापरतो आणि ओळीत 'युरिया, नायट्रोजन नव्हे' असं लिहितो. अरबी कागदावर युरियाच्या आधी 'नायट्रोजीन' शब्द असेल तर तो निकाल नायट्रोजनचाच आहे, तेव्हा तसंच लिहा. 'बौलीना' हा युरियाचाच दुसरा अरबी शब्द आहे, वेगळी तपासणी नाही.

१०. तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा ६४ आहे. १८ ने गुणलं तर हजाराच्या वर जातं!

त्याला १८ लावायचंच नाही. 'सुक्कर तराकुमी' म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ज्याला इथं एचबीए१सी म्हणतात. तिचा निकाल आपल्याकडे टक्क्यांत असतो. काही लॅब तो मिलिमोल प्रति मोल अशा युनिटमध्ये देतात. ते नुसत्या गुणाकारानं बदलत नाही. ०.०९१५ ने गुणून त्यात २.१५ मिळवायचे. ६४ चे होतात ५.८६, त्यात २.१५ मिळवले की ८.०. म्हणजे आठ टक्के.

ओळखायची खूण सोपी आहे. टक्क्याची खूण असेल तर आकडा साधारण ४ ते १५ मध्ये असतो आणि काहीच बदलायचं नाही. ३०, ५०, ६४ असा आकडा टक्क्याशिवाय दिसला तर वरचं सूत्र.

११. हिमोग्लोबिन ९८ आणि प्लेटलेट २१०. एक खूप जास्त, एक जवळपास संपलेल्या?

दोन्ही नाही. हिमोग्लोबिन इथं ग्रॅम प्रति लिटर आहे, आपण ग्रॅम प्रति डेसिलिटर बोलतो. दहानं भागा: ९.८. पुरुषाची मर्यादा १३० ते १७० होती ती झाली १३ ते १७. म्हणजे रक्त कमी आहे. किडनी थकली की रक्तही कमी होतं, त्यामुळे प्रश्न ७ च्या कागदावर हा आकडा विसंगत वाटत नाही. पण तो संबंध डॉक्टरांनी जोडायचा.

पडताळणीची एक जुनी युक्ती आहे. हिमोग्लोबिन डेसिलिटरमध्ये घेऊन तिपटीनं वाढवा, साधारण हिमॅटोक्रिटचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याचे टक्के येतात. ९.८ ची तिप्पट २९. कागदावर हिमॅटोक्रिट ०.२९ किंवा २९ टक्के असेल तर आकडा बरोबर वाचला आहे. ४५ असेल तर अंक पुन्हा पाहा.

प्लेटलेट २१० म्हणजे दर लिटरला २१० अब्ज, आपल्या बोलीत २ लाख १० हजार. या आकड्यापुढे तीन शून्यं लावली की आपला आकडा येतो. पांढऱ्या पेशी ७.४ म्हणजे ७४००. कागदावर घातांकातली खूण असते, ती जशीच्या तशी उतरवा आणि शेजारी लाखात लिहा. डेंग्यूच्या दिवसात आमच्याकडे प्लेटलेटचा नुसता शब्द ऐकला तरी घर जागं होतं, तेव्हा '२१०' एवढंच सांगून फोन ठेवू नका.

१२. पोटॅशियमचं रूपांतर काय?

काहीच नाही. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचा मिलिमोल आणि आपल्याकडचा मिलिइक्विव्हॅलंट हा आकडा एकच असतो. ५.६ ते ५.६ च. कॅल्शियमला मात्र हे लागू नाही, तिथं मिलिमोलला ४ ने गुणून मिलिग्रॅम येतात.

किडनीच्या रुग्णात पोटॅशियम सहाच्या पुढे असेल तर भाषांतर पुरं व्हायची वाट पाहू नका. माणूस तिकडेच असेल तर त्याला फोन करून तातडीच्या विभागात जायला सांगा, इकडे आला असेल तर जवळच्या दवाखान्यात न्या. हा आकडा हृदयाचे ठोके बिघडवू शकतो.

आणि त्याच पानाच्या तळाशी 'मुलाहज़ात' म्हणजे शेरे असतात, ते सोडू नका. 'इन्हिलाल' असा शब्द असेल तर नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि निकाल खोटा वाढतो. डॉक्टर लगेच नमुना पुन्हा घेतील. शेरा गाळला तर डॉक्टरांना हे कळायला मार्गच नाही.

१३. 'इजाबी', 'सल्बी', 'ला यूजद' याचं मराठी काय करू?

इजाबीला पॉझिटिव्ह, सल्बीला निगेटिव्ह लिहा. 'सकारात्मक' लिहिलं की आजी म्हणते, बरं झालं बाप्पा, चांगलं आलं. पॉझिटिव्ह म्हणजे शोधलेली गोष्ट सापडली, एवढंच. 'ला यूजद' म्हणजे आढळलं नाही. लघवीच्या तपासणीत 'ज़ुलाल' म्हणजे अल्ब्युमिन, 'सदीद' म्हणजे पूपेशी, 'आसार' म्हणजे अगदी थोडा अंश. अधिकच्या खुणा असतील तर त्यांची संख्या तीच ठेवा. दोन खुणांचं 'थोडं जास्त' असं वर्णन करू नका.

'मुर्तफि' म्हणजे वाढलेलं, 'मुन्खफिद' म्हणजे कमी. लॅबनं खूण केली असेल तिथंच करा. स्वतःच्या लाल पेननं गोल काढायचा मोह आवरा. घरचे गोल मोजतात, आकडे वाचत नाहीत.

१४. रिपोर्टवर १५/९/१४४६ अशी तारीख आहे. ही कुठली?

हिजरी. नववा महिना म्हणजे रमजान, सप्टेंबर नव्हे. सौदीत १४४६ चा रमजान १ मार्च २०२५ ला सुरू झाला, म्हणून ही तारीख १५ मार्च २०२५. मूळ हिजरी तारीख ठेवा आणि शेजारी इंग्रजी लिहा. हिजरी वर्ष अकरा-बारा दिवसांनी लहान असतं, तेव्हा ठोकळ हिशोब करू नका, मोबाइलवरच्या तारीख बदलणाऱ्या कॅलेंडरमध्ये पाहा. एक दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो, कारण महिना चंद्र दिसण्यावर सुरू होतो.

नमुना घेतल्याची आणि रिपोर्ट छापल्याची तारीख वेगळी असते. डॉक्टरांना नमुन्याची हवी. दोन्ही असतील तर दोन्ही लिहा.

१५. एक आकडा पुसट आहे, पण अंदाज येतोय. लिहून टाकू का?

नको. तिथं 'वाचता येत नाही' लिहा आणि भावाकडून तेवढ्याच ओळीचा जवळून फोटो मागवा. अरबीतले दोन आणि तीन यांच्यात फक्त एका दाताचा फरक आहे, तो झेरॉक्समध्ये जातो. मर्यादेत बसतोय म्हणून आकडा निवडला तर तुम्ही रुग्णाला नॉर्मल ठरवलं, लॅबनं नाही.

१६. रिपोर्टमध्ये एचआयव्हीची तपासणीही आहे. घरच्या ग्रुपवर सगळंच टाकायचं का?

नाही. कामाच्या परवान्यासाठी होणाऱ्या तपासणीत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी असतात, त्यामुळे हे पान अधूनमधून येतंच. भारतात २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानं एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. भाषांतर ज्याचा रिपोर्ट त्याला किंवा त्यानं सांगितलेल्या एका माणसाला द्या. ही तपासणी वेगळ्या पानावर उतरवा, म्हणजे डॉक्टरांना दाखवताना बाकीचं पान कोणाच्याही हातात देता येतं. निकाल निगेटिव्ह असला तरी हाच नियम, नाहीतर ज्याचं वेगळं पान आलं त्याच्याबद्दल गाव काय ते समजून जातं.

१७. हेच भाषांतर विम्याला किंवा भरपाईच्या अर्जाला चालेल का?

घरचं भाषांतर घरासाठी आणि डॉक्टरांशी बोलण्यासाठी. विमा कंपनी किंवा कचेरी कोणाचं भाषांतर मान्य करते हे त्यांनाच लेखी विचारा, मगच पैसे खर्च करा. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचं सांगतो, भाषांतर बरोबर असल्याचं नाही. मूळ अरबी प्रत सगळीकडे सोबत जोडा.

१८. बाबा घरी आले, तालुक्याला पुन्हा तपासलं. तिकडे ३.० होतं, इथं २.६ आलं. कोणाचं खोटं?

बहुतेक कोणाचंच नाही. आधी दोन्ही आकडे एका युनिटमध्ये आणि आपापल्या मर्यादेसह शेजारी ठेवा. मग तारखा पाहा. तिकडे उन्हात काम करून शरीरातलं पाणी आटलं असेल तर क्रिएटिनिन वाढतं आणि चार दिवस पाणी-विश्रांती मिळाली की उतरतं. यंत्राची पद्धत वेगळी असली तरी थोडा फरक पडतो. २६५ ला ८८.४ ऐवजी १०० ने भागून कोणी '२.६५' काढलं आणि तोच इथल्या निकालाशी जुळला, असंही मी पाहिलं आहे. आकडे छान जुळले म्हणून भागाकार पुन्हा करायचा सोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट, मूळ अरबी कागद आणि तिकडे चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत न्या. दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं विसरू नका. किडनीचे डॉक्टर त्यांचीच चौकशी आधी करतात.